छेदात बहुपदी आली तर? मसावि काढता काढता गुणाकार व्यस्त मिळवण्याची रीत

छेदाचं परिमेयीकरण शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. 1/(√2 + 1) दिलं की अनुबद्ध करणी √2 − 1 ने वर-खाली गुणायचं, छेदात 1 उरतो आणि उत्तर तयार. आता छेदात वर्गमुळांऐवजी घनमुळं आणू:

```
1 / (∛4 + ∛2 − 1)
```

इथं अनुबद्ध करणी कुठली घ्यायची? मधलं चिन्ह बदलून ∛4 − ∛2 − 1 ने गुणून पाहिलं तर छेद 1 + 2∛2 − 3∛4 होतो, म्हणजे घनमुळं जिथल्या तिथेच. चिन्हांशी खेळून हे सुटत नाही. सुटतं ते भागाकाराने, आणि तोही शाळेतलाच: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी.

∛2 ला x म्हणू. मग x बद्दल आपल्याला एकच गोष्ट माहीत असायला हवी, की x³ = 2, म्हणजेच x³ − 2 हे शून्य धरायचं. परिमेय सहगुणकांची कुठलीही बहुपदी आली की तिला x³ − 2 ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. बाकीची कोटी जास्तीत जास्त 2, त्यामुळे या दुनियेतली प्रत्येक वस्तू p + qx + rx² अशी दिसते. बेरीज नेहमीसारखी, गुणाकारही नेहमीसारखा, फक्त गुणाकारानंतर पुन्हा बाकी काढायची. बहुपदींच्या रिंगमधून असं जे तयार होतं त्याला क्वोशंट रिंग म्हणतात. घड्याळाच्या बारा तासांसारखीच ही गोष्ट आहे, फक्त बाराच्या जागी x³ − 2 आहे.

या भाषेत आपला प्रश्न असा झाला: a = x² + x − 1 दिलं आहे. अशी बहुपदी b शोधा, की a·b ला m = x³ − 2 ने भागल्यावर बाकी 1 उरेल. म्हणजेच

```
a·b + m·s = 1
```

असं लिहिता आलं पाहिजे. s काय निघतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, कारण m ची कुठलीही पट इथं शून्यच.

असा b मिळेलच याची हमी कुठून येते? a आणि m यांचा मसावि घ्या. तो m चा विभाजक आहे. पण m अविभाज्य आहे, म्हणजे तिचे लहान कोटीच्या दोन बहुपदींत अवयव पडत नाहीत. मग मसावि एकतर m एवढा असणार, नाहीतर नुसती स्थिर संख्या. तो m एवढा असूच शकत नाही, कारण a ची कोटी m पेक्षा कमी आहे आणि a शून्य नाही. उरली ती स्थिर संख्या. युक्लिडच्या रीतीने मसावि काढताना प्रत्येक बाकी a आणि m यांच्या पटींची बेरीज असते, म्हणून शेवटची ती स्थिर संख्यासुद्धा तशीच लिहिता येते. तिने भागलं की वरचं समीकरण हातात.

पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा आधी मसावि काढून घेतात आणि मग खालून वर एकेक समीकरण भरत जातात. कागदावर तीन-चार पायऱ्यांच्या पुढे यात हमखास घोळ होतो. त्यापेक्षा खाली उतरतानाच हिशोब ठेवलेला बरा. प्रत्येक बाकी r सोबत एक बहुपदी t ठेवायची, आणि एकच वचन पाळायचं: प्रत्येक ओळीत

```
r = t·a + (m ची कुठलीतरी पट)
```

पहिल्या दोन ओळी फुकट मिळतात. m साठी t = 0, कारण m ही m चीच पट आहे. a साठी t = 1. पुढची ओळ काढताना आधीच्या दोन बाकींचा भागाकार करायचा, भागफल q आलं तर

```
नवा r = जुना r − q · (मधला r)
नवा t = जुना t − q · (मधला t)
```

दोन्हीकडे एकच क्रिया केली, म्हणून वचन आपोआप टिकतं. s चा स्तंभ ठेवायची गरजच नाही, त्यामुळे निम्मं काम वाचतं.

आपल्या उदाहरणात पहिला भागाकार x³ − 2 ला x² + x − 1 ने. भागफल x − 1, बाकी 2x − 3. म्हणून t = 0 − (x − 1)·1 = 1 − x.

दुसरा भागाकार x² + x − 1 ला 2x − 3 ने. इथं अपूर्णांक येतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. भागफल x/2 + 5/4, बाकी 11/4. आणि t = 1 − (x/2 + 5/4)(1 − x), जे सोडवल्यावर x²/2 + 3x/4 − 1/4 होतं.

```
r               q             t
x³ − 2                        0
x² + x − 1                    1
2x − 3          x − 1         1 − x
11/4            x/2 + 5/4     x²/2 + 3x/4 − 1/4
```

बाकी स्थिर झाली की थांबायचं. पण इथं थांबून शेवटच्या t ला उत्तर म्हणणं ही या रीतीतली सगळ्यात जास्त होणारी चूक. शेवटची ओळ सांगते की t ला a ने गुणलं तर 11/4 येतं, आणि आपल्याला 1 हवा आहे. म्हणून t ला 11/4 ने भागायचं:

```
b = (2x² + 3x − 1) / 11
```

ताळा करून पाहू. (x² + x − 1)(2x² + 3x − 1) चा गुणाकार 2x⁴ + 5x³ − 4x + 1 येतो, x² चं पद कटून जातं. x³ च्या जागी 2 आणि x⁴ च्या जागी 2x घातलं की 4x + 10 − 4x + 1 = 11. बरोबर. म्हणजे सुरुवातीच्या अपूर्णांकाचं उत्तर (2∛4 + 3∛2 − 1)/11. कॅल्क्युलेटरवर दोन्ही बाजू ०.५४१३ च्या आसपास येतात.

हीच रीत, पण सहगुणक फक्त 0 आणि 1

परिमेय संख्यांवर हे हाताने करायला बरं वाटतं, पण ही रीत रोज जिथं राबते ते ठिकाण वेगळं आहे. एईएस हे कूटलेखनाचं मानक अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ साली जाहीर केलं. त्यामागची रचना योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांची. त्यात प्रत्येक बाइट म्हणजे एक बहुपदी असते. बाइटचे आठ बिट हे x⁷ पासून 1 पर्यंतचे सहगुणक, आणि भाजक ठरलेला:

```
m = x⁸ + x⁴ + x³ + x + 1   →   0x11B
```

सहगुणक फक्त 0 आणि 1, आणि 1 + 1 = 0. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी एकच, दोन्ही म्हणजे बिटांचा एक्सऑर. एईएसमध्ये एका बाइटच्या जागी दुसरा ठरावीक बाइट बसवणारा एस-बॉक्स असतो, त्यातली पहिली पायरी हीच, की आलेल्या बाइटचा गुणाकार व्यस्त काढा. 0x53 हा बाइट घेऊ. बिट मांडले तर 01010011, म्हणजे a = x⁶ + x⁴ + x + 1.

पहिला भागाकार बिटांवर अगदी जवळून पाहू, कारण प्रोग्राम हेच करतो. m मध्ये नऊ बिट, a मध्ये सात. a ला दोन घरं डावीकडे सरकवायचं (म्हणजे x² ने गुणायचं) आणि एक्सऑर करायचा:

```
  100011011    m
  101001100    a सरकवून 2 घरं
  ---------
  001010111    अजून सात बिट उरलेत
    1010011    a सरकवून 0 घरं
  ---------
    0000100    बाकी x²
```

दोन घरं आणि शून्य घरं सरकवलं, म्हणून भागफल x² + 1, बाकी x². पुढचे दोन भागाकार सोपे आहेत. x⁶ + x⁴ + x + 1 ला x² ने भागलं की भागफल x⁴ + x², बाकी x + 1. मग x² ला x + 1 ने भागलं की भागफल x + 1, बाकी 1.

```
r                    q           t
m                                0
x⁶ + x⁴ + x + 1                  1
x²                   x² + 1      x² + 1
x + 1                x⁴ + x²     x⁶ + x² + 1
1                    x + 1       x⁷ + x⁶ + x³ + x
```

शेवटचा t बिटांत 11001010, म्हणजे 0xCA. म्हणून 0x53 चा व्यस्त 0xCA. इथं शेवटी स्थिर संख्येने भागावं लागलं नाही, कारण शून्य सोडून स्थिर संख्या एकच आहे, ती म्हणजे 1. यानंतर एस-बॉक्स त्या बिटांवर एक ठरावीक मिसळण करतो आणि 0x53 च्या जागी 0xED देतो. मानकाच्या दस्तऐवजात हेच उदाहरण दिलेलं आहे, त्यामुळे आपला कोड तपासायला ते सोयीचं.

कोटींकडे लक्ष दिलं तर एक सुरेख नियम दिसतो: प्रत्येक t ची कोटी म्हणजे m च्या कोटीतून आधीच्या ओळीतल्या r ची कोटी वजा केलेली. शेवटच्या ओळीच्या आधी r = x + 1 होता, कोटी 1; म्हणून t ची कोटी 8 − 1 = 7. आधीच्या ओळीत 8 − 2 = 6, त्याआधी 8 − 6 = 2. याचा उपयोग दुहेरी आहे. उत्तराची कोटी m पेक्षा कमीच निघते, म्हणून शेवटी पुन्हा m ने बाकी काढायची गरज नाही. आणि हाताने करताना एखाद्या ओळीत हा नियम मोडला, तर चूक त्याच ओळीत किंवा तिच्या आधी आहे हे लगेच कळतं. ताळा शेवटपर्यंत लांबवावा लागत नाही.

पायथनमध्ये हे सगळं इतकंच:

```python
def inv(a, m=0x11B):
    r0, r1, t0, t1 = m, a, 0, 1
    while r1:
        while r0.bit_length() >= r1.bit_length():
            d = r0.bit_length() - r1.bit_length()
            r0 ^= r1 << d
            t0 ^= t1 << d
        r0, r1, t0, t1 = r1, r0, t1, t0
    if r0 != 1:
        raise ValueError(hex(r0))
    return t0
```

भागफल वेगळं साठवलेलंच नाही. r0 मधून जितकी घरं सरकवून r1 वजा केला, तितकीच घरं सरकवून t1 सुद्धा t0 मधून वजा केला, की झालं. हा कोड बाकी 0 होईपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या तक्त्यापेक्षा एक पायरी जास्त. त्या जादा पायरीत t1 मध्ये काय येतं ते छापून पाहा: 0x53 दिल्यावर तिथं नेमका 0x11B, म्हणजे m स्वतः हजर होतो. मसावि 1 असेल तेव्हा असं व्हायलाच हवं. वेगळं काही दिसलं तर t चा हिशोब कुठेतरी घसरला आहे.

कुठे फसतं

बाइटांवर काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे m साठी 0x1B लिहिणं. गुणाकार करताना ही युक्ती चालते, कारण नववा बिट बाहेर पडला की 0x1B ने एक्सऑर करायचा हा कोड सगळीकडे दिसतो. पण इथं m हा खराखुरा भाज्य आहे, आणि 0x1B म्हणजे x⁴ + x³ + x + 1 ही वेगळीच बहुपदी. शिवाय तिचे अवयवही पडतात. वरच्या कोडला `inv(0x53, 0x1B)` दिलं तर तो 0x9 दाखवून थांबतो, म्हणजे मसावि x³ + 1 निघाला. सी भाषेत m आठ बिटांच्या चलात ठेवला तर नववा बिट गुपचूप गळून नेमकं हेच होतं. त्यात शेवटचा r0 तपासला नसेल, तर चुकीचं उत्तर काही तक्रार न करता पुढे जातं.

दुसरा सापळा चिन्हाचा. 0 आणि 1 च्या दुनियेत अधिक-उणे एकच असल्याने लोक t च्या सूत्रात सरळ अधिक लिहितात. मग तोच कोड परिमेय सहगुणकांवर किंवा 7, 11 अशा मूळ संख्येच्या बाकींवर वापरतात. गंमत अशी की दरवेळी तो चुकत नाही. अधिक लिहिल्याने t ची फक्त चिन्हं एकाआड एक उलटतात. आपल्या पहिल्या उदाहरणात दोन भागाकार होते, तिथं अधिक लिहूनही उत्तर बरोबरच येतं! पण त्याच x³ − 2 साठी a = x + 1 घ्या. एकच भागाकार: भागफल x² − x + 1, बाकी −3. बरोबर रीतीने t = −(x² − x + 1), त्याला −3 ने भागून (x² − x + 1)/3. अधिक लिहिलं असतं तर याच्या उलट चिन्हाचं उत्तर आलं असतं. म्हणून चाचणी घेताना सम आणि विषम, दोन्ही संख्येचे भागाकार लागतील अशी उदाहरणं घ्यावीत.

सहगुणकांच्या बाबतीत आणखी एक अट आहे. प्रत्येक भागाकारात भाजकाच्या पहिल्या सहगुणकाने भागावं लागतं. वर 2x − 3 ने भागताना 2 ने भागलं तसं. सहगुणक परिमेय असोत वा मूळ संख्येच्या बाकी असोत, हे जमतं, फक्त बाकींच्या बाबतीत त्या सहगुणकाचा व्यस्त आधी काढून घ्यावा लागतो. नुसत्या पूर्णांकांवर मात्र गाडी तिथेच अडते. आणि परिमेय संख्यांवर अडत नसली तरी कोटी वाढली की अपूर्णांक भलतेच लांबलचक होत जातात. दशांश चिन्हाच्या संख्या वापरून हे टाळायला जाऊ नका, कारण मग बाकी खरोखर शून्य आहे की 0.0000001 आहे हे ठरवता येत नाही, आणि या रीतीचा सगळा भार त्याच प्रश्नावर आहे.

m अविभाज्य नसेल तर काय? तेव्हाही रीत चालवता येते, फक्त उत्तराची हमी जाते. मसावि स्थिर निघाला तर व्यस्त आहे, नाहीतर नाही. नाही निघाला, तरी तो मसावि म्हणजे m चा एक अवयव आयता सापडलेला असतो. एईएसमध्येच याचं उदाहरण आहे. मिक्सकॉलम्स या पायरीत सहगुणक म्हणून बाइट घेतलेल्या बहुपदींना x⁴ + 1 या भाजकाने कापतात. 1 + 1 = 0 असल्याने x⁴ + 1 म्हणजे (x + 1)⁴, अविभाज्य मुळीच नाही. तरी उलगडताना ही पायरी उलटी करता यावी लागते, म्हणून तिथली बहुपदी विचारपूर्वक निवडली आहे: 03x³ + 01x² + 01x + 02. x + 1 तिचा अवयव आहे का, हे x = 1 घालून कळतं. 03, 01, 01, 02 यांचा एक्सऑर 01 येतो, शून्य नाही, म्हणून मसावि 1 आणि व्यस्त आहे. तो 0Bx³ + 0Dx² + 09x + 0E. चारही सहगुणक 01 ठेवले असते तर एक्सऑर शून्य आला असता आणि कूटलेखन उलगडताच आलं नसतं.

व्यस्त हा m वर अवलंबून असतो, हेही विसरलं जातं. क्यूआर कोडमधल्या चूक-दुरुस्तीत बाइटच असतात, पण भाजक 0x11D असतो. दुसऱ्या कुणाची लायब्ररी कुठला भाजक वापरते हे कळत नसेल तर तिला 2 चा व्यस्त विचारा. 2 म्हणजे x, आणि एकाच भागाकारात उत्तर येतं: m मधला शेवटचा 1 काढून उरलेल्याला x ने भागायचं. 0x11B असेल तर 0x8D, म्हणजे १४१. 0x11D असेल तर 0x8E, म्हणजे १४२.

एका बाबतीत मात्र ही रीत वापरूच नये. 0x02 ला एक भागाकार पुरला, 0x53 ला तीन लागले. म्हणजे लागणारा वेळ बाइटवर अवलंबून आहे, आणि तो बाइट गुप्त असेल तर वेळ मोजणाऱ्याला त्याचा सुगावा लागू शकतो. तिथं a²⁵⁴ काढतात. शून्य सोडून प्रत्येक बाइटसाठी a²⁵⁵ = 1, म्हणून a²⁵⁴ हाच व्यस्त. a², a⁴ पासून a¹²⁸ पर्यंत सात वेळा वर्ग करायचा आणि ते सगळे सहा गुणाकारांत एकत्र करायचे, बाइट कुठलाही असो. अर्थात ते वर्ग आणि गुणाकारही बिट पाहून फांद्या फुटणार नाहीत असे लिहिले असतील तरच याचा उपयोग. यात शून्याचाही प्रश्न मिटतो. एईएसने 0 चा व्यस्त 0 धरायचा असं ठरवलं आहे आणि 0 चा २५४ वा घात 0 च येतो. वरचा `inv` मात्र 0 दिल्यावर चूक दाखवून थांबेल, त्यामुळे एस-बॉक्सचा तक्ता भरताना पहिलं घर वेगळं हाताळावं लागतं. मिसळणीनंतर तिथं 0x63 यायला हवा.